लॉसलेस लावलंत, पण ब्लूटूथवर ऐकताय? या चुका टाळा

माझ्या मेहुण्याने मागच्या महिन्यात ॲपल म्युझिकवर लॉसलेस सुरू केलं आणि चौथ्या दिवशी त्याची तक्रार आली, "दादा, फरक तर काहीच नाही, उलट डेटा संपतोय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्याच्या कानात ब्लूटूथचे इअरबड होते.

लॉसलेस म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता पाठवलेलं गाणं, आणि त्यातला सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. आयफोन ब्लूटूथवर आवाज पाठवतो तो एएसी किंवा एसबीसी या कोडेकमध्ये. दोन्ही आवाजातला काही भाग गाळूनच पाठवतात. म्हणजे सर्व्हरवरून अख्खा आवाज फोनपर्यंत येतो, फोन तो पुन्हा दाबतो आणि मग बड्सकडे पाठवतो. टँकरने पाणी मागवून शेवटी स्ट्रॉने प्यायचं, तसला प्रकार. अँड्रॉइडवर एलडॅक हा कोडेक असेल तर बरं, पण त्याचाही कमाल वेग 990 केबीपीएस, आणि सीडीच्या आवाजाला न दाबता 1411 लागतात. शिवाय सिग्नल कमी झाला की एलडॅक स्वतःच खाली उतरतो.

म्हणून लॉसलेस ऐकायचं तर वायर लागते. टाइप-सी आयफोनला ॲपलचा साधा हेडफोन ॲडॅप्टर पुरतो. त्या इवल्याशा डोंगलमध्ये डॅक असतो, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप, आणि ती 24 बिट/48 किलोहर्ट्झपर्यंत चालते. 192 किलोहर्ट्झचं हाय-रेस, म्हणजे लॉसलेसमधलीच वरची पायरी, हवी असेल तर वेगळा डॅक घ्यावा लागतो. माझं मत विचाराल तर तो खर्च आधी चांगल्या हेडफोनवर करा.

आता डेटाचं. ॲपलच्याच अंदाजाने तीन मिनिटांचं गाणं नेहमीच्या 256 केबीपीएस एएसीत सुमारे 6 एमबी, 24/48 लॉसलेसमध्ये 36 आणि 24/192 हाय-रेसमध्ये 145 एमबी होतं. मेहुणा ऑफिसला जाता-येता तासभर ऐकतो, म्हणजे साधारण वीस गाणी. पूर्वी 120 एमबी जात होते, लॉसलेसवर 720. रोजच्या दीड जीबीच्या पॅकचा जवळजवळ अर्धा, तोही बड्सना पोचत नसलेल्या आवाजासाठी! हाय-रेस लावलं असतं तर तासाला 2.9 जीबी. वेगाचं म्हणाल तर लॉसलेसला दीड-दोन एमबीपीएस आणि हाय-रेसला साडेसहा-सात एमबीपीएस सलग मिळाले तर भागतं. घरच्या वायफायला हे काहीच नाही, लोकलमध्ये मात्र गाणं अडकतं.

Settings > Apps > Music > Audio Quality मध्ये मोबाइल डेटा, Wi-Fi आणि Downloads यांची गुणवत्ता वेगवेगळी ठरवता येते. मोबाइलवर High Quality ठेवा आणि लॉसलेस फक्त वायफायवर. एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे आधी डाउनलोड केलेली गाणी आपोआप लॉसलेस होत नाहीत. ती काढून पुन्हा उतरवावी लागतात.

दुसरा गोंधळ डॉल्बी ॲटमॉसचा. ॲटमॉस म्हणजे लॉसलेसच्या वरची पायरी, असं बऱ्याच जणांना वाटतं. स्ट्रीमिंगमधला ॲटमॉस स्वतः लॉसी, म्हणजे काही भाग गाळलेला असतो, 768 केबीपीएसचा. तो वेगळं मिक्स देतो, ज्यात वाद्यं डोक्याभोवती मांडलेली असतात. तो ब्लूटूथवरही चालतो, त्यामुळे बड्सवाल्यांना फरक खरोखर जाणवतो तो इथेच. आवडेलच असं नाही, कारण काही गाण्यांत गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. ॲटमॉस Automatic वर असेल आणि हेडफोन एअरपॉड्ससारखे चालणारे असतील, तर लॉसलेसऐवजी ॲटमॉसच वाजतो. वायर लावून लॉसलेस तपासताना तो Off करा, नाहीतर आपण दोन वेगळी मिक्सं ताडून बघत बसतो. ॲटमॉसचं मिक्स कमी आवाजाचंही असतं, आणि मोठ्या आवाजाचं गाणं कानाला नेहमीच चांगलं वाटतं.

मेहुण्याची परीक्षा आम्ही त्याच्या गॅलरीत घेतली. वायरचे हेडफोन, ॲटमॉस बंद, एकच गाणं, आवाजाची पातळी तीच, आणि लॉसलेस चालू की बंद हे फोन हातात असलेली ताई ठरवत होती. दर वेळी सेटिंग बदलून गाणं पहिल्यापासून लावलं. दहापैकी सहा वेळा त्याने बरोबर ओळखलं. नाणं उडवलं तरी सरासरी पाच येतातच. 256 केबीपीएस एएसी एवढा चांगला असतो की बहुतेकांना फरक सापडत नाही. सापडलाच तर तो झांजांच्या किणकिणाटात आणि टाळ्यांच्या कडकडाटात सापडतो, तिथे कान ठेवा. जुन्या ध्वनिमुद्रणात मूळ टेपलाच खरखर असेल, तर लॉसलेस तीच खरखर जशीच्या तशी पोचवतं.

मेहुण्याने घरी वायफायवर लॉसलेस चालू ठेवलंय, मोबाइलवर बंद. बड्सना आता ॲटमॉस. डोंगल ताईने पळवलाय.