नाडी १३८ होती, म्हणून मी ॲड्रेनालिन थांबवलं

इंटर्नशिपचा दुसरा महिना, रात्रपाळी. चौतीस वर्षांच्या एका बाईंना सेफ्ट्रिॲक्सोनचा पहिला डोस शिरेतून सुरू झाला आणि चार-पाच मिनिटांत त्यांचे तळहात खाजायला लागले. मी पोचले तेव्हा मानेवर आणि छातीवर गांधी उठल्या होत्या, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येत होता. बीपी ७४/४०, ऑक्सिजन ८९ टक्के, नाडी १३८. मी अँटिबायोटिक बंद केलं, ऑक्सिजन लावला. सिस्टरांनी ॲड्रेनालिनची ॲम्प्युल फोडून सिरिंज भरलीसुद्धा होती. "डॉक्टर, देऊ ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "थांबा, नाडी १३८ आहे."

निदान मला कळलं होतं: ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी. उपचारही पाठ होता. पण ॲड्रेनालिन हृदयातल्या बीटा-१ रिसेप्टरवर काम करतं म्हणजे ठोके वाढणार, हेही पाठ होतं, आणि त्या क्षणी तेवढंच आठवलं. मी अँटिहिस्टामिन आणि हायड्रोकॉर्टिसोन दिलं आणि वाट पाहिली. सहा मिनिटांनी वरचं बीपी ६२ वर आलं आणि बाई हाकेला नीट ओ देईनात. फोनवर रजिस्ट्रार मॅडम एवढंच म्हणाल्या, "अगं, मांडीत दे आधी. बाकीचं मी आल्यावर बोलू."

ती सहा मिनिटं मला आजही टोचतात. म्हणून ती नाडी का पळत होती, हे मी जरा जास्तच सविस्तर सांगणार आहे.

ॲनाफिलॅक्सिसमध्ये मास्ट पेशींमधून हिस्टामिन, ल्युकोट्रायीन आणि इतर रसायनं एकदम बाहेर पडतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि गळायलाही लागतात. दहा मिनिटांच्या आत वाहिन्यांमधल्या द्रवाचा एक-तृतीयांश भाग बाहेर ऊतींमध्ये जाऊ शकतो. उरलेलं रक्त सैल पडलेल्या शिरांमध्ये साचतं आणि हृदयाकडे परतच येत नाही. हृदय धडधाकट असतं, पण प्रत्येक ठोक्याला ढकलायला त्याच्यात पुरेसं रक्त नसतं. मानेतले आणि महाधमनीतले दाबाचे संवेदक मेंदूला कळवतात की दाब कोसळला, आणि मेंदू ठोके वाढवून तूट भरून काढायला बघतो. म्हणजे १३८ ही नाडी रिकाम्या हृदयाची धडपड होती. मी तिच्याकडे हृदयाला ॲड्रेनालिन सोसणार नाही याची खूण म्हणून पाहिलं. प्रत्यक्षात ती ॲड्रेनालिन हवं असल्याची खूण होती.

आता इंजेक्शन काय करतं ते याच क्रमाने बघा. अल्फा-१ रिसेप्टर रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर असतात. ते जागे झाले की त्या पेशींमध्ये कॅल्शियम वाढतं आणि वाहिनी आवळते. धमनिका आवळल्याने दाब वर येतो, हे सगळे सांगतात. शिरा आवळल्याने साचलेलं रक्त हृदयाकडे परत येतं, हे मात्र कुणी ठासून सांगत नाही, आणि माझं सगळं गणित तिथेच चुकलं होतं. घशाच्या आतल्या अस्तराची सूजही याच अल्फा-१ मुळे उतरते. भरलेल्या हृदयाला बीटा-१ जोरात आकुंचन पावायला लावतं. बीटा-२ श्वासनलिकांच्या स्नायूंमध्ये सायक्लिक एएमपी वाढवून त्यांना सैल करतं, आणि मास्ट पेशींवरच्या बीटा-२ मुळे नवी रसायनं सुटणं कमी होतं. दाब सावरला की संवेदक शांत होतात आणि नाडीही उतरायला लागते. बीटा-१ ठोके वाढवतं हे खोटं नाही, पण या रुग्णात ते वाढण्याचं मूळ कारणच अल्फा-१ काढून टाकतं.

अँटिहिस्टामिन यातलं काहीही करत नाही. ते फक्त हिस्टामिनची जागा अडवतं, ल्युकोट्रायीनला हातही लावत नाही. खाज आणि गांधी कमी होतात, आणि त्यामुळे रुग्ण सुधारतोय असा भास होतो. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तर तास लागतात. "आधी हे देऊन बघू" म्हणणाऱ्या सीनियरचं या बाबतीत ऐकू नका. मला तरी रिसेप्टरचे तक्ते पाठ करून घेणाऱ्यांपेक्षा बिनबोलता सिरिंज भरून ठेवणाऱ्या त्या सिस्टरांकडून जास्त शिकायला मिळालं.

त्या बाईंना मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिलिग्रॅम दिलं, म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचं ०.५ मिलिलिटर. त्यांना आडवं ठेवून पाय वर घेतले आणि सलाईन जोरात सोडलं. पाच मिनिटांनी बीपी ८४/५०, नाडी १२४, पण छातीतला आवाज तसाच होता. म्हणून तेवढाच दुसरा डोस दिला. ॲड्रेनालिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे पाच मिनिटांनी पुन्हा द्यावं लागलं तर घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नसतं. पंधरा मिनिटांनी एक लिटर सलाईन संपत आलं तेव्हा बीपी १०८/६४ होतं, ऑक्सिजन ९७ टक्के आणि नाडी १०४. मी ज्या नाडीला भ्याले होते, ती ॲड्रेनालिनचे दोन डोस घेऊन चौतीसने खाली आली होती. त्यात सलाईनचाही वाटा होता, हेही सांगायला हवं. बाईंचे हात मात्र थरथरत होते आणि छातीत धडधडतंय असं त्या म्हणत होत्या. हे होतंच आणि थोड्या वेळात ओसरतं.

मांडीचा स्नायूच का, याचं उत्तरही रिसेप्टरमध्येच आहे. त्वचेखाली दिलं तर तिथल्या वाहिन्या अल्फा-१ मुळे आवळतात आणि औषध स्वतःचीच वाट अडवून बसतं. स्नायूतल्या वाहिन्यांवर बीटा-२ भरपूर असतात, त्या रुंदावतात आणि औषध लवकर रक्तात जातं.

नाडीची भीती सोडा म्हणताना एक भीती मात्र मी तुमच्या मनात मुद्दाम ठेवणार आहे. हेच द्रावण पातळ न करता शिरेतून ढकललं तर हृदयाची लय बिघडते, बीपी भयानक चढतं, जीवही जाऊ शकतो. हृदय बंद पडल्यावर शिरेतून द्यायचा १ मिलिग्रॅमचा डोस डोक्यात असतो आणि गडबडीत तोच हाताला येतो. नाडी लागत असलेल्या रुग्णाला नवख्याने स्नायूतच द्यायचं. शिरेतून थेंबथेंब देण्याची वेळ आली तर ते अनुभवी माणसाने, मॉनिटर लावूनच करायचं. आणि बीपी जरा वर आलं म्हणून रुग्णाला उठवून बसवू नका. नुकतंच भरू लागलेलं हृदय उभं राहिल्याबरोबर पुन्हा रिकामं होतं, आणि असे रुग्ण क्षणात गेलेले आहेत.

दोन डोस आणि सलाईन देऊनही काहीच हलत नसेल तर नातेवाइकांना विचारा, बीपीची किंवा हृदयाची कोणती गोळी चालू आहे. बीटा-ब्लॉकर असेल तर हृदयावरचे आणि श्वासनलिकांमधले बीटा रिसेप्टर अडवलेले असतात. ॲड्रेनालिनला मग अल्फाच तेवढा मोकळा सापडतो आणि छातीतला आवाज काही जात नाही. अशा वेळी ॲड्रेनालिन चालू ठेवून ग्लुकागॉन देतात, मोठ्या माणसाला १ ते ५ मिलिग्रॅम शिरेतून, पाच मिनिटांत सावकाश. त्याचा रिसेप्टर वेगळा असतो, त्यामुळे बीटाचं दार बंद असूनही पेशीतलं सायक्लिक एएमपी वाढतं. त्याने बऱ्याचदा उलटी होते, म्हणून ते देण्याआधी रुग्णाला कुशीवर वळवून सक्शन हाताशी ठेवा.