सोनेतारण कर्ज: एकरकमी फेडायचं की दरमहा व्याज भरायचं? हिशेब करताना या चुका टाळा

पतसंस्थेच्या सोनेतारण विभागात मी बरीच वर्षं काढली. आजही ओळखीचे लोक पाटल्या-बांगड्या गहाण टाकल्यावर कागद घेऊन माझ्याकडे येतात. गहाण टाकण्याआधी क्वचितच कोणी येतं, याचं मला फार वाईट वाटतं. प्रश्न ठरलेला असतो: "वर्षाच्या शेवटी मुद्दल-व्याज एकदम भरू, की महिन्याच्या महिन्याला व्याज भरत जाऊ? स्वस्त काय?" उत्तर तुमच्या हातातल्या कागदावर असतं, पण तो कागद वाचताना त्याच त्या चुका होतात.

पाटीवरचा दर हाच आपला दर, असं समजणं

सगळ्यात जास्त पैसा याच चुकीत जातो.

माझ्या मावसभावाने एका वित्त कंपनीकडून दीड लाख घेतले होते. पाटीवर १२ टक्के लिहिलेलं. पण तारण पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तक्ता होता: व्याज ३० दिवसांच्या आत भरलं तर १२ टक्के, ३१ ते ६० दिवसांत भरलं तर १५, त्यापुढे ९० दिवसांपर्यंत १८, आणि ९० दिवस उलटले की २४. खाली एक ओळ होती की वाढीव दर मागच्या भरण्यानंतरच्या पहिल्या दिवसापासून लागेल. या योजनेत खरा दर २४ टक्केच असतो. वेळेवर भरणाऱ्याला त्यातून सूट मिळते, म्हणून कागदावर 'रिबेट' हा शब्द दिसला की मी तिथेच थांबतो आणि तक्ता शोधतो.

आता याच कागदावर दोन्ही पद्धती ताडून बघा. दर वेळी ३० दिवसांच्या आत व्याज भरलं तर वर्षाचे १८,००० रुपये होतात. काहीच न भरता वर्षाच्या शेवटी एकदम फेडलं तर ३६,०००. कर्ज तेच, सोनं तेच, व्याज दुप्पट.

भाऊ म्हणाला, "दादा, मी तर दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता भरतोय." ते खरंच होतं, एकदाही चुकला नव्हता. मी त्याला खात्याचा उतारा आणायला लावला. पहिलीच नोंद ५ जुलै ते ५ ऑगस्टची. दिवसांच्या रकान्यात ३१, दराच्या रकान्यात १५. व्याज १,५२९ रुपये होण्याऐवजी १,९११. फक्त एका दिवसाने. कंपनी दिवस मोजते, महिना मोजत नाही. वर्षात ३१ दिवसांचे सात महिने येतात. म्हणजे एकही महिना न चुकवणाऱ्या माणसाचे वर्षाला सुमारे २,६७५ रुपये जास्त गेले असते. पाच महिन्यांनी लक्षात आलं म्हणून पुढचे वाचले.

माझी सवय सांगतो. व्याज भरलं की त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढचे २५ दिवस मोजून खूण करायची. काही ठिकाणी पैसे दिल्याचा आणि भरल्याचा असे दोन्ही दिवस धरतात, सुट्ट्या येतात, ऑनलाइन भरणा अडकतो. पाच दिवस हाताशी असलेले बरे. आणि भरल्यावर पावतीवरचा दर वाचायचा, रक्कम नुसती बघून खिशात घालायची नाही. ज्यांना एवढंही करायचा कंटाळा आहे त्यांनी अशा टप्प्याच्या दराचं कर्ज घेऊच नये, हे माझं ठाम मत आहे.

सरळ दराच्या कर्जात एकूण व्याजाचे आकडे नुसते ताडणं

बँकेच्या कागदावर बहुतेक वेळा एकच दर असतो. समजा दोन लाख, १० टक्के, १२ महिने. दरमहा व्याज भरलं तर १,६६७ रुपये महिना, वर्षाचे २०,०००. एकरकमी, म्हणजे बुलेट परतफेडीत न भरलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळतं. मंजुरीपत्रात 'मासिक चक्रवाढ' असे शब्द असतील तर एक्सेलमध्ये हे टाका:

```
=200000*((1+0.10/12)^12-1)
```

उत्तर येतं २०,९४३. फरक ९४३ रुपयांचा. लोक लगेच म्हणतात, बुलेट महाग. पण दरमहा भरणाऱ्याच्या हातून पैसे आधीच जात असतात आणि बुलेटवाल्याकडे ते वर्षभर राहतात. तेच १,६६७ रुपये साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले तर जेमतेम ६०० रुपये व्याज सुटतं. मग खरा फरक उरतो साधारण साडेतीनशे. ज्याचं उत्पन्न पीक विकल्यावरच हातात येतं, त्याने एवढ्यासाठी दरमहा ओढाताण करू नये. पगारदाराने मात्र दरमहाच भरावं असं मी सांगतो, कारण ते १,६६७ रुपये बाजूला टाकणारा माणूस मला फार क्वचित भेटला आहे.

वेगवेगळ्या मुद्दलांची तुलना

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार घरखर्चासारख्या कारणासाठीच्या बुलेट कर्जात सोन्याच्या किमतीशी प्रमाण काढताना आजचं मुद्दल नाही, तर मुदतीअखेर फेडायची पूर्ण रक्कम धरतात. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ही मर्यादा ८५ टक्के आहे. सोन्याची किंमत २,६०,००० धरली तर मर्यादा २,२१,०००. दरमहा व्याजाच्या कर्जात एवढं मुद्दल मिळू शकतं, पण वरच्याच दराने बुलेटमध्ये दोन लाखांच्या आसपास. मग 'बुलेटचं व्याज कमी निघालं' असं म्हणणाऱ्याने कर्जच कमी घेतलेलं असतं. तुलना करताना दोन्हीकडे मुद्दल एकच धरा.

वार्षिक टक्केवारी बघून निर्धास्त होणं

कर्ज देताना मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. त्यात शुल्कं धरून काढलेला वार्षिक दर असतो. तो जरूर बघा, पण तो ठरल्या तारखांना पैसे भरले असं गृहीत धरून काढलेला असतो. उशिरा भरल्यावर दर किती चढतो ते तक्त्यातच कळतं.

मूल्यांकनाचं आणि प्रक्रियेचं शुल्क दोन्ही पद्धतींत तेवढंच असेल तर तुलनेत धरू नका. तीन महिन्यांत सोनं सोडवणार असाल तर मात्र एकूण खर्चात धरा, कारण तेवढ्या थोड्या व्याजापुढे ते मोठं दिसतं.

'नाही जमलं तर नूतनीकरण करू'

हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. बुलेट कर्जाचं नूतनीकरण करायचं तर आधी साचलेलं व्याज भरावं लागतं. वरच्या उदाहरणात बाराव्या महिन्यात २०,९४३ रुपये रोख हातात हवेत, नाहीतर पुढे लिलावाची नोटीस. म्हणून बुलेट घेणाऱ्याला मी एकच विचारतो, हे एकवीस हजार कोणत्या महिन्यात, कुठून येणार? त्याने महिना आणि पैशाची वाट सांगितली तर मी सही करायला सांगतो. "बघू तेव्हा" म्हणाला तर कागद दरमहा व्याजाचा करून आणायला परत पाठवतो.