ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक: 'कोर्स कमी पडला' म्हणण्याआधी घड्याळ बघा

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारे एक मामा. वय 52, वजन 70 किलो, उजव्या जांघेत हर्निया, जाळी बसवायची होती. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी गेले आणि नवव्या दिवशी टाक्यातून पू घेऊन परत आले. मुलगा म्हणाला, "पाचच दिवस गोळ्या दिल्या न्हवं, म्हणून झालं." आमच्यातल्याही एका-दोघांना तसंच वाटलं. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून गोळ्यांचा कागद बाजूला ठेवला आणि भुलेचा चार्ट काढला.

सेफाझोलिन हे अँटिबायोटिक 2 ग्रॅम, सकाळी साडेसातला, वॉर्डात. आधीची पित्ताशयाची केस लांबली. मामांना छेद दिला 11 वाजून 20 मिनिटांनी. म्हणजे मध्ये जवळजवळ चार तास गेले. सेफाझोलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांनी निम्मं होतं. चार तासांनी उरलं पाव. त्वचेवरचे जंतू जखमेत उतरण्याचा खरा धोका सुरू झाला, तेव्हा औषध ओसरत आलं होतं. एका रुग्णावरून 'याचमुळे झालं' असं छातीठोक सांगता येत नाही, पण दुरुस्त करण्यासारखी चूक समोर होती, आणि ती गोळ्यांच्या दिवसांत नव्हती.

नियम सोपा आहे. छेद देण्याआधीच्या 60 मिनिटांत सेफाझोलिन शिरेतून गेलेलं असावं. वॉर्डातून "आठच्या केसला इंजेक्शन देऊन पाठवा" ही पद्धतच मोडायला हवी, कारण आठची केस आठला कधी लागते? ते ओटीत, भूल देताना, भूलतज्ज्ञाने द्यावं. पायाला टूर्निकेट, म्हणजे रक्तप्रवाह थांबवणारा हवेचा पट्टा, बांधायचं असेल तर फुगवण्याआधी पूर्ण जायला हवं, कारण नंतर औषध त्या पायात पोचणार कसं? सिझेरियनमध्येही बाळाची नाळ कापेपर्यंत थांबायचं नाही, छेदाआधीच द्यायचं. व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक मात्र हळूहळू सोडावं लागतं, म्हणून ते छेदाआधीच्या दोन तासांत सुरू करतात.

1992 मध्ये अमेरिकेत 2847 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. छेदाआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी 0.6 टक्के लोकांच्या जखमा चिघळल्या. त्याहून आधी मिळालेल्यांत 3.8 टक्के, आणि छेदानंतर तीन तास उलटून मिळालेल्यांत 3.3 टक्के. लवकर दिलेलं आणि उशिरा दिलेलं, दोन्ही जवळपास सारखंच वाया गेलं.

औषधाची निवड हा दुसरा घोळ. आपल्याकडे सवयीने सेफ्ट्रियाक्सोन जातं, कारण ते 'पुढच्या पिढीचं' म्हणून भारी वाटतं. पण हर्नियासारख्या स्वच्छ ऑपरेशनात मुख्य शत्रू त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस हा जंतू, आणि त्याच्यावर जुनं सेफाझोलिनच जास्त चांगलं चालतं. मामांच्या पुवाच्या कल्चरमध्येही, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, स्टॅफिलोकोकस ऑरियसच वाढला आणि त्याच्यावर सेफाझोलिन चालत होतं. औषध बरोबर होतं, वेळ चुकली होती. ऑपरेशन चार तासांपुढे गेलं किंवा दीड लिटरच्या वर रक्त गेलं तर ओटीतच दुसरा डोस द्यावा.

आता नंतरच्या गोळ्या. जंतू जखमेत पडतात ते जखम उघडी असताना. तेव्हा ऊतींत औषध असेल तर ते तिथेच मारले जातात. टाके बसल्यावर जखमेच्या कडा चिकटतात. आत जे जंतू उरलेच, ते गोठलेल्या रक्तात आणि जाळीच्या धाग्यांत दडतात. तिथे गोळीतलं औषध नीट पोचत नाही, म्हणून उद्या-परवाचे डोस त्यांना गाठत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच स्पष्ट म्हटलं आहे की, ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक अँटिबायोटिक लांबवू नये. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, ठेवला असला तरी नाही. वाढतात ते जुलाब, किडनीवरचा ताण आणि औषधाला न जुमानणारे जंतू. अपेंडिक्स फुटलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे संसर्ग आधीच झालेला असतो, तो उपचार आहे, प्रतिबंध नव्हे.

पहिल्या दोन दिवसांतला ताप बहुधा जखमेचा नसतो, त्यासाठी गोळ्या वाढवू नका. जखम सहसा पाचव्या दिवसानंतर बोलते: ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, लाली पसरते, दाबलं की पाणी येतं. तेव्हा टाका उघडून पू काढायचा आणि कल्चर पाठवायचं. मामांचं तसंच केलं. संसर्ग वरच्या थरातच होता, जाळी वाचली.

पुढच्या सोमवारपासून सेफाझोलिनची बाटली वॉर्डाच्या ट्रेमधून निघून भुलेच्या ट्रॉलीवर आली. छेदाआधी सिस्टर मोठ्याने विचारतात, "इंजेक्शन किती वाजता?" आणि ब्लेड हातात देण्याआधी ती वेळ चार्टवर लिहिली जाते. डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिकच्या रकान्यात आता आडवी रेघ असते. नातेवाईक विचारतात, "एवढं ऑपरेशन, आणि गोळ्या न्हाईत व्हय?" मग मी चार्ट दाखवून सांगते, "काकी, जी द्यायची होती ती कापायच्या आधीच दिली. 9 वाजून 40 मिनिटं, हे बघा."