शेवटच्या ओव्हरमध्ये यॉर्कर कधी आणि स्लोअर कधी

नाशिकमध्ये क्लब क्रिकेट खेळायला लागलेली मुलं मला हमखास विचारतात, "दादा, शेवटच्या ओव्हरला यॉर्करच टाकायचा ना?" टाकायचा, पण आधी बॅट्समन कुठे उभा आहे ते बघायचं.

शेवटी विकेट वाचवायची फिकीर कुणाला नसते, प्रत्येक बॉल उचलायचा असतो. त्यासाठी बॅट बॉलच्या खाली जावी लागते. यॉर्कर बुटाशी पडतो, तिथे बॅटला खाली जायला जागाच उरत नाही. पण यात चुकीला वाव फारच कमी. दोन-तीन फूट पुढे गेला तर फुलटॉस, तेवढाच मागे राहिला तर हाफव्हॉली, आणि दोन्ही बॉल सीमेपार जातात. म्हणून हुशार बॅट्समन क्रीजमध्ये मागे सरकतो. तुमचा बॉल नेहमीच्या जागीच पडतो, पण त्याच्यासाठी तो आता हाफव्हॉली झालेला असतो.

स्लोअरची वेळ हीच. ताशी १२० किलोमीटरचा बॉल साधारण अर्ध्या सेकंदात बॅट्समनपर्यंत पोहोचतो, १०० चा त्याहून दशांश सेकंद उशिरा. तेवढ्यात बॅट फिरून पुढे गेलेली असते. पण रन-अप आणि हाताचा वेग तोच हवा. वेग कमी होतो तो बोटांमुळे. सुरुवातीला ऑफ-कटर शिका. उजव्या हाताच्या बॉलरने सोडताना तर्जनी बॉलच्या उजव्या कडेवरून खाली ओढायची. बोटं दुमडून धरायचा नकल बॉल हाही स्लोअरच, पण तो अवघड आहे. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये झहीर खानने क्वार्टर फायनलला माइक हसीला त्यावरच बोल्ड केलं होतं, पण त्यामागे भरपूर सराव असतो.

गोल्फ क्लब मैदानावरच्या एका सराव मॅचमधलं सांगतो. शेवटची ओव्हर, बारा रन हवे होते, समोर उजव्या हाताचा फटकेबाज. आमच्या पोराने पहिला यॉर्कर मिडल स्टंपवर घातला. कसाबसा अडवला, रन नाही. पुढच्या बॉलला फटकेबाजाचा मागचा पाय स्टंपच्या अगदी जवळ गेला. पोराने ते रन-अप घेण्याआधीच पाहिलं होतं. त्याने ऑफ-कटर थोडा आखूड टाकला. बॅट लवकर फिरली, बॉल टोकाला लागून डीप मिडविकेटच्या हातात. तोच स्लोअर पुढे पडला असता, तर उशिरा का होईना, बॅटवर आलाच असता.

हिवाळ्यात सकाळच्या मॅचला दवाने बॉल ओला होतो. तेव्हा कटरला बोटांची पकड मिळत नाही. मग यॉर्करवरच भर द्या आणि दर बॉलआधी बॉल टॉवेलने पुसा.

यॉर्करचा सराव करताना क्रीजवर जुना बूट ठेवा आणि त्यावर नेम धरा. दमल्यावरही थोडे बॉल टाकाच, कारण शेवटची ओव्हर दमलेल्या पायांनीच टाकायची असते. स्लोअरसाठी एका मित्राला बॅट्समनच्या जागी, नेटच्या मागे उभं करा. बॉल सुटायच्या आधीच तो "स्लोअर!" म्हणाला, तर तुमचा खांदा नाही तर मनगट काहीतरी सांगून जातंय. त्याला विचारा, काय दिसलं, आणि तेवढंच दुरुस्त करा.