व्याख्यान संपल्यावर वक्त्यांना भेटायचं आहे? दहा सेकंदांत ओळख अशी करून द्या

व्याख्यानमालेत आवडत्या अभ्यासक किंवा लेखिका बोलून गेल्या. आभारप्रदर्शन आटोपलं, लोक उठले आणि त्या मंचाच्या पायऱ्या उतरू लागल्या. तुमच्यासारखे आणखी पंधरा जण तिथेच थांबलेत. आपल्या वाट्याला दहाच सेकंद येणार हे धरून चाला. तेवढ्यात सावकाश बोलून वीस-बावीस शब्द होतात.

हे शब्द घरीच ठरवा. नमस्कार, नाव-आडनाव, गाव आणि काम, मग त्यांच्या कामातली एकच नेमकी गोष्ट, आणि निरोप. भूगोल शिकवणाऱ्या बाई दुष्काळाच्या अभ्यासकांना भेटणार असतील तर पहिल्या झटक्यात सुचतं ते असं: ‘मॅडम, मी तुमची केवढी मोठी चाहती आहे, तुमचं सगळं वाचलंय, तुम्ही म्हणजे आमचं दैवत, आज अगदी धन्य झाले!’ यावर समोरच्या बाई काय बोलणार? ‘धन्यवाद’ म्हणतात आणि ओशाळं हसतात. यात ना तुमचा पत्ता लागतो, ना तुम्ही काय वाचलंय ते कळतं.

आता हे पाहा: ‘नमस्कार मॅडम, मी अमुक अमुक, साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवते. तुमच्या दुष्काळावरच्या लेखातला विहिरींचा तक्ता मी नववीच्या वर्गात वापरते. भेटून बरं वाटलं.’ एकवीस शब्द. ‘अमुक अमुक’च्या जागी तुमचं नाव-आडनाव. यात ‘छान’, ‘अप्रतिम’ असं एकही विशेषण नाही, तरी कौतुक पोचतं, कारण त्यांचं काम तुम्ही वापरलंय. शिवाय ‘मुलांना कळतो का तो तक्ता?’ असं विचारायला त्यांना जागा मिळते. तुमचं वाक्य जमलंय की नाही हे ओळखायची हीच खूण: त्यावर ‘धन्यवाद’खेरीज काही बोलता येतं का?

हे फोनचं घड्याळ लावून तीनदा मोठ्याने म्हणा. बारा सेकंदांच्या वर गेलं तर काम सांगणारा भाग आखडा, नाव नको. घाईत नावच गिळलं जातं आणि नेमकं तेच ऐकू येत नाही. नावानंतर क्षणभर थांबा.

सभागृहात पायऱ्यांच्या अगदी तोंडाशी उभं राहू नका. वाट अडते आणि कार्यकर्ते बाजूला करतात. दोन-तीन पावलं पुढे, एका कडेला थांबा, म्हणजे त्या उतरून तुमच्या दिशेने येतील. नजरानजर झाली की मगच बोला. कोणाशी बोलणं चालू असेल तर ते संपू द्या. चहाच्या टेबलाशी गाठायचं असेल तर तोंडात घास नाही ना, एवढं बघा.

हात पुढे करू नका. सत्कार नुकताच झालेला असतो. एका हातात शाल-श्रीफळ, दुसऱ्यात पुष्पगुच्छ, त्या शेकहँड करणार कशा? हात जोडून नमस्कार पुरतो. वाकून पाया पडायचं असेल तर पडा, पण बोलण्याच्या आधी किंवा नंतर. वाकलेलं असताना बोललं की आवाज जमिनीकडे जातो आणि पुन्हा ‘काय म्हणालात?’ होतं. काहींना पाया पडलेलं आवडत नाही. त्यांनी पाय मागे घेतले की तिथेच थांबावं, आग्रह नको. संबोधन ठरवता येत नसेल तर ‘सर’ किंवा ‘मॅडम’ चालतं. पहिल्याच भेटीत ‘ताई’, ‘काका’ नको, अगदी सगळं गाव तसं म्हणत असलं तरी.

सगळ्यात जास्त घोळ ‘ओळखलंत का मला?’ या प्रश्नाने होतो. पूर्वी भेटला असाल तरी समोरच्याला परीक्षेला बसवू नका. ‘गेल्या वर्षी वाचनालयाच्या कार्यक्रमात भेटलो होतो’ असं आपणच सांगून टाकावं. हस्तलिखित, लग्नपत्रिका, स्वतःचा कवितासंग्रह यांतलं काही हातात कोंबू नये. द्यायचंच असेल तर विचारून सोबतच्या कार्यकर्त्याकडे द्या.

त्यांनी काही विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्या आणि गप्प राहा. पुढे बोलायचं असेल तर त्याच बोलतील. नजर दाराकडे गेली, किंवा ‘बरं बरं’ सुरू झालं, की ‘येते मॅडम’ म्हणून एक पाऊल मागे सरा. मागच्या माणसाला जागा मिळते, आणि त्यांनाही तुम्हाला टाळायची वेळ येत नाही. सेल्फी हवाच असेल तर तो या दहा सेकंदांत धरू नका. कॅमेरा आधीच उघडून ठेवा, निरोपाआधी ‘एक फोटो चालेल?’ विचारा, आणि उत्तर येईपर्यंत फोन खालीच असू द्या.