तळमजल्याच्या लॉबीत धूर, तरी लिफ्ट तळमजल्यावरच : माझा अनुभव

नाशिक, गंगापूर रोडवरची सात मजली व्यापारी इमारत. कुठल्याही मजल्याचा धुराचा डिटेक्टर वाजला की लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडायची. पण तळमजल्याच्या लिफ्ट लॉबीत चाचणीचा धूर सोडला, तरीही ती तिथेच यायची, म्हणजे माणसांना थेट धुरात सोडायची.

डिटेक्टर बदलला, रिले मॉड्यूल बदललं, वायरिंग तपासलं. दोन दिवस वाया गेले, कारण वस्तू सगळ्या ठीक होत्या. चूक मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणता डिटेक्टर वाजला की काय काय चालू व्हायचं त्या तक्त्यात होती: 'लिफ्ट' असा एकच रकाना, आणि सगळे डिटेक्टर त्याच आउटपुटला.

आधी मॅट्रिक्समध्ये दोन रकाने केले: 'मुख्य मजला' आणि 'पर्यायी मजला' (इथे पहिला). मग दुसरं रिले मॉड्यूल डिटेक्टरांच्या लूपवर घेऊन त्याचा कोरडा, म्हणजे स्वतःची वीज नसलेला संपर्क लिफ्ट कंट्रोलरच्या वेगळ्या इनपुटला जोडला. ते इनपुट लिफ्टवाल्यांकडूनच सुरू करून घ्यावं लागतं. त्यानंतर फायर अलार्मच्या पॅनेलमध्ये तळमजल्याच्या लॉबीचा डिटेक्टर पहिल्या आउटपुटच्या गटातून काढला आणि दुसऱ्याला दिला. नुसता दुसऱ्यात घातला, तर दोन्ही आदेश एकदम जातात. हूटर, पंखे, डॅम्पर यांच्या खुणा जशाच्या तशा ठेवल्या.

चाचणी लिफ्ट पाचव्यावर ठेवून. तळमजल्याची लॉबी: लिफ्ट पहिल्यावर. रीसेट करून चौथ्याचा डिटेक्टर: लिफ्ट तळमजल्यावर. मग रीसेट न करता तळमजल्याचा: लिफ्ट हलली नाही. हेच बरोबर, पहिला संकेतच मजला ठरवतो.