तळ्याची रुंदी काढताना साइन नियम की कोसाइन नियम? या चुका टाळा

तळ्याच्या समोरासमोरच्या काठांवर A आणि B हे दोन बिंदू आहेत. मध्ये पाणी असल्याने AB हे अंतर टेपने थेट मोजता येत नाही. म्हणून काठापासून थोडे दूर, मोकळ्या जमिनीवर C ही खुंटी रोवली आणि CA = 70 मीटर, CB = 120 मीटर व ∠C = 40° अशी मोजमापे घेतली. तळ्याची रुंदी AB किती, असा हा प्रश्न आहे. अकरावीच्या विद्यार्थ्यांना असे उदाहरण दिले की बरेच जण त्रिकोण नीट न पाहताच साइन नियम लिहायला घेतात, कारण तो लक्षात ठेवायला सोपा असतो.

BC = a, CA = b आणि AB = c मानले, तर साइन नियम असा होतो:

a/sin A = b/sin B = c/sin C

येथे a = 120, b = 70 आणि C = 40° एवढेच ठाऊक आहे. म्हणजे पहिल्या गुणोत्तरात कोन अज्ञात, दुसऱ्यातही कोन अज्ञात, आणि तिसऱ्यात बाजू अज्ञात. कोणतीही दोन गुणोत्तरे घेऊन समीकरण मांडले तरी त्यात दोन अज्ञात राहतात, त्यामुळे ते सुटत नाही. साइन नियमाला एक पूर्ण जोडी हवी असते, म्हणजे एक बाजू आणि नेमका तिच्याच समोरचा कोन. अशी जोडी नसताना उत्तर काढायचेच म्हणून काही विद्यार्थी 70/sin 40° असे लिहून मोकळे होतात. परंतु 40° चा कोन C पाशी आहे आणि 70 मीटरची बाजू त्याच कोनाची एक भुजा आहे. ती त्याच्या समोर नाही. ही चूक आकृतीवरून लगेच पकडता येते. कोनापासून समोरच्या बाजूकडे बाण काढावा. C पासून काढलेला बाण AB वर, म्हणजे पाण्यावर जातो, आणि तीच बाजू तर आपल्याला शोधायची आहे.

दोन बाजू आणि त्यांचा समाविष्ट कोन, म्हणजे एकरूपतेच्या भाषेत बाकोबा, अशी माहिती असेल तर कोसाइन नियमच लागतो:

c² = a² + b² − 2ab cos C

c² = 14400 + 4900 − 16800 × 0.7660 ≈ 6430

यावरून c ≈ 80.2 मीटर. नियम योग्य निवडूनही आकडेमोडीत दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे आधी 19300 मधून 16800 वजा करून मग cos 40° ने गुणणे. तसे केल्यास c सुमारे 43.8 मीटर येते. हे उत्तर अशक्य आहे, कारण त्रिकोणाची कोणतीही बाजू इतर दोन बाजूंच्या फरकापेक्षा मोठीच असते आणि येथे तो फरक 120 − 70 = 50 मीटर आहे. दुसरी चूक म्हणजे कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहणे. मग उत्तर सुमारे 174.7 मीटर येते. ते दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा, म्हणजे 190 पेक्षा, कमी असल्याने वरच्या प्रकारच्या तपासणीतून निसटते. येथे वेगळी कसोटी लावावी: C पाशी काटकोन असता तर AB सुमारे 138.9 मीटर झाली असती. आपला कोन लघुकोन आहे, म्हणून AB त्याहून कमीच असली पाहिजे. पायथागोरसचे प्रमेय येथे उत्तर देत नाही, पण उत्तराची मर्यादा सांगते.

रुंदी मिळाल्यावर उदाहरणात पुढे अनेकदा ∠A विचारला जातो. आता c आणि C ही पूर्ण जोडी हाती असल्याने साइन नियम वापरता येतो, आणि सर्वांत फसवी चूक इथेच होते. sin A = 120 × sin 40° / 80.2 ≈ 0.962 येते आणि कॅल्क्युलेटर 74.1° दाखवतो. त्याच नियमाने B ≈ 34.1° मिळतो. तिन्ही कोनांची बेरीज मात्र 148° च्या आसपास भरते. याचे कारण असे की sin 74.1° आणि sin 105.9° यांची किंमत एकच आहे आणि कॅल्क्युलेटर नेहमी लघुकोनच देतो. येथे 120² ही किंमत 70² + 80.2² पेक्षा मोठी आहे, म्हणून A विशालकोन आहे, 105.9°. हा घोळ मुळातच टाळायचा असेल तर उरलेल्या दोन कोनांपैकी लहान बाजूसमोरचा कोन आधी काढावा. तो विशालकोन असूच शकत नाही. मग तिसरा कोन 180° मधून वजाबाकीने मिळतो.

हीच संदिग्धता मोजणीतूनही येऊ शकते. समजा, C ऐवजी B पाशी उभे राहून ∠B = 34° मोजला आणि BC = 120, CA = 70 एवढेच ठाऊक आहे. हा कोन त्या दोन बाजूंमधला नाही. अशा वेळी AB सुमारे 79.6 मीटर असू शकते किंवा सुमारे 119.4 मीटरही. दोन्ही त्रिकोण दिलेल्या माहितीशी जुळतात. A पाशी लघुकोन आहे की विशालकोन, हे जागेवर पाहून ठरवल्याशिवाय यातून एक उत्तर निघत नाही.

साइन नियमाची खरी जागा वेगळी आहे. पलीकडच्या काठापर्यंत पोहोचताच येत नसेल, तर अलीकडची CA = 70 मीटर ही बाजू मोजून तिच्या दोन्ही टोकांवरून B कडे पाहत कोन मोजावे लागतात. समजा, ते A = 106° आणि C = 40° आले. ही कोबाकोची माहिती आहे. आता कोसाइन नियम निरुपयोगी ठरतो, कारण बाजू एकच ठाऊक आहे. प्रथम B = 34° काढावा. 70 मीटरची बाजू याच कोनासमोर आहे, पण तो दिलेला नसल्यामुळे तिची जोडी मोजलेल्या कोनांपैकी एकाशी लावण्याची चूक होते. योग्य मांडणी अशी:

AB = 70 × sin 40° / sin 34° ≈ 80.5 मीटर

आधीच्या 80.2 पासूनचा थोडा फरक कोन पूर्ण अंशांत घेतल्यामुळे पडला आहे. प्रत्यक्ष मोजणीत मात्र हा फरक मोठा होऊ शकतो, आणि पाठ्यपुस्तकातील उदाहरणांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो, म्हणून तो आवर्जून सांगतो. C पाशी 40° ऐवजी चुकून 41° वाचले गेले, तर बाकोबा पद्धतीत उत्तर 81.4 मीटर येते, म्हणजे चूक सव्वा मीटरच्या आत राहते. कोबाको पद्धतीत मात्र तीच एका अंशाची चूक B मध्येही शिरते, तो 33° होतो आणि उत्तर 84.3 मीटरवर जाते. चूक जवळपास चार मीटरची. म्हणून या तळ्याला वळसा घालून B पर्यंत टेप नेता येत असेल, तर CA आणि CB या दोन्ही बाजू मोजून कोसाइन नियम वापरावा. तसे जमत नसेल, तर A आणि C पाशी प्रत्येक कोन दोन-तीनदा मोजून त्याची सरासरी घ्यावी आणि मगच साइन नियमात घालावी.